हार्ट फेल्युअरनंतर आजी घरी आल्या: काळजी घेणाऱ्यासाठी पहिल्या दोन आठवड्यांच्या सूचना

पायांवर सूज, आडवं झालं की धाप, रात्री उठून बसावं लागणं, अशा अवस्थेत दवाखान्यात नेलेल्या वृद्ध माणसाला काही दिवसांनी घरी सोडतात, तेव्हा घरच्यांना वाटतं की दुखणं संपलं. श्वास मोकळा झालेला असतो, सूज उतरलेली असते. पण दवाखान्यात झालेलं मुख्य काम हे की शिरेतून औषध देऊन अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढलं गेलं. ते पाणी साठलं होतं हृदयाची पंप करण्याची ताकद कमी पडत असल्यामुळे, आणि ती ताकद चार-सहा दिवसांत परत येत नाही. म्हणून पाणी पुन्हा साठू शकतं, आणि ते होण्याची शक्यता घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त असते.

या काळात घरच्या माणसाचं मुख्य काम एकच आहे: पाणी साठू लागलंय हे धाप लागायच्या आधी ओळखणं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवणं. पुढच्या सगळ्या सूचना त्यासाठीच आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. आजींचं वय ७८. त्या मुलगा-सुनेबरोबर राहतात आणि त्यांचं औषधपाणी सून बघते. दवाखान्यातून निघताना त्यांचं वजन ५४.२ किलो भरलं.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी

डिस्चार्ज कार्ड हातात मिळालं की लगेच निघू नका. वॉर्डमधल्या डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून चार गोष्टी त्याच कार्डावर साध्या भाषेत लिहून घ्या. निघण्याच्या घाईत तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं विसरलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर ते विचारायला योग्य माणूस सापडत नाही.

पहिली गोष्ट, आजचं वजन किती आणि त्यांचं सूज नसतानाचं वजन किती असायला हवं. दुसरी, दवाखान्यात येण्यापूर्वी ज्या गोळ्या चालू होत्या त्यांतल्या कोणत्या चालू ठेवायच्या, कोणत्या बदलल्या आणि कोणत्या बंद केल्या. यातला ‘बंद’ हा भाग कार्डावर बऱ्याचदा नसतोच, तो मुद्दाम विचारा. तिसरी, दिवसभरात पाणी किती प्यायचं यावर बंधन आहे का, असलं तर किती. चौथी, किती वजन वाढलं तर कोणाला फोन करायचा, रात्री कोणाला करायचा, आणि पुढची रक्ततपासणी कोणत्या तारखेला.

फॉलोअपची तारीखही तिथेच ठरवून निघा. ती घरी आल्यापासून ७ ते १४ दिवसांच्या आत असावी. महिन्याभराने या, असं सांगितलं तर आधीची तारीख मिळेल का हे जरूर विचारा. औषधांचा डोस घरच्या वातावरणात बरोबर बसतोय का, हे महिनाभर न बघता राहू देणं वृद्ध रुग्णासाठी फार लांबचं आहे.

पहिल्या संध्याकाळी गोळ्यांचा डबा रिकामा करा

घरी पोचल्यावर सगळे दमलेले असतात, तरी हे काम त्याच संध्याकाळी करायचं. माझ्या मते डिस्चार्जनंतरच्या सगळ्या कामांत हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण इथे होणारी चूक पहिल्याच दिवशी लागू होते.

घरातल्या आजींच्या सगळ्या गोळ्या एका जागी आणा. जुना डबा, उशाखालची पाकिटं, पर्समधली पट्टी, कपाटातली अर्धवट राहिलेली बाटली, सगळं. शेजारी नवीन कार्ड ठेवा आणि एकेक पट्टी उचलून तिच्यावरचं औषधाचं मूळ नाव कार्डावरच्या नावाशी ताडून बघा. कंपनीने दिलेलं मोठ्या अक्षरातलं नाव बघू नका. त्याच्याजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं घटकाचं नाव बघा. एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावाने विकतात. दवाखान्याने दिलेली पट्टी आणि घरातली जुनी पट्टी दिसायला पूर्ण वेगळ्या असूनही आत तेच औषध असू शकतं. दोन्ही चालू राहिल्या तर डोस दुप्पट होतो. मग बीपी खाली जातं, नाडी मंदावते, आणि रुग्ण बाथरूमपर्यंत जाताना कोसळतो.

एक जोडी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. आजी पूर्वी बीपीसाठी रॅमिप्रिल घेत होत्या. दवाखान्यात ती बंद करून सॅक्युबिट्रिल आणि वाल्सार्टन एकत्र असलेली गोळी सुरू केली. रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या ‘-प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्या आणि ही नवी गोळी कधीही एकत्र चालत नाहीत. एक बंद करून दुसरी सुरू करताना मध्ये किमान ३६ तास जावे लागतात. दोन्ही पोटात गेल्या तर ओठ, जीभ, घसा सुजून श्वास अडकू शकतो. आणि घरात जुन्या गोळ्यांची अर्धी पट्टी उरलेली असतेच. आजींना त्या गोळीची वर्षानुवर्षांची सवय, त्या स्वतःहून ती उचलून घेणार. म्हणून बंद झालेली औषधं ‘लागली तर असू देत’ म्हणून कपाटात ठेवायची नाहीत. एका पिशवीत भरून, वर ‘बंद’ असं लिहून आजींच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा, फॉलोअपला डॉक्टरांना दाखवा आणि मग टाकून द्या.

याच ढिगात दुखण्यावरच्या गोळ्या सापडतील. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांपैकी काही असेल तर तेही ‘बंद’च्या पिशवीत जाऊ द्या. ही औषधं मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. गुडघे दुखले तर कोणती गोळी द्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवा. सहसा साधी पॅरासिटामॉल सांगतात. मात्र पाण्यात टाकल्यावर फसफसणारी गोळी नको, कारण अशा गोळ्यांत सोडियम बरंच असतं. सर्दीवरच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या आणि ‘झाडपाल्याचं आहे, काही होत नाही’ म्हणून कोणी आणून दिलेलं चूर्ण, हेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आता उरलेल्या गोळ्यांचा एक कागद तयार करा. गोळीचं नाव, ती कशासाठी, सकाळी की रात्री, एवढंच. ‘लघवीची’, ‘नाडी सावकाश करणारी’, ‘रक्त पातळ करणारी’ असे शब्द चालतील, उलट तेच बरे. आजी गोळ्या स्वतः घेत असल्या तरी पहिले दोन आठवडे त्या कोणीतरी समोर उभं राहून द्याव्यात. एखादा डोस चुकला आणि पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम देऊ नका. आणि आता बरं वाटतंय म्हणून कोणतीही गोळी आपल्या मनाने थांबवू नका. नाडी सावकाश करणारी गोळी, म्हणजे बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारखी, अचानक थांबवली तर हृदयावर एकदम ताण येतो.

रोज सकाळी वजन

पायावर सूज दिसण्याच्या किंवा धाप लागण्याच्या बऱ्याच आधी अंगात पाणी वाढलेलं असतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. माणसाच्या अंगावर दोन दिवसांत दीड किलो मांस किंवा चरबी चढत नाही, पाणी मात्र चढतं. म्हणून घरात डिजिटल वजनकाटा हवाच. बीपीचं यंत्र आणि काटा यांपैकी आधी एकच घेता येणार असेल तर मी आधी काटा घ्यायला सांगेन.

वजन सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी करायचं. कपडे रोज साधारण सारखेच, पायात काही नाही. काटा कडक फरशीवर ठेवा. सतरंजीवर किंवा गालिचावर तो चुकीचा आकडा दाखवतो. काट्याशेजारी भिंत किंवा जड खुर्ची असावी, म्हणजे चढता-उतरताना हात टेकता येईल. आकडा वाचताना मात्र हात सोडलेले हवेत. तुम्ही मागे उभे राहा. आकडा लगेच वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका.

दवाखान्याचा काटा आणि घरचा काटा यांत फरक असतो. आजी दवाखान्यात ५४.२ होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या काट्यावर भरल्या ५३.६. त्या सहाशे ग्रॅम घटल्या असं यातून ठरवता येत नाही. काटा वेगळा आहे, कपडे वेगळे आहेत. घरच्या काट्यावरचं पहिल्या सकाळचं वजन हाच आपला आधाराचा आकडा. वहीच्या पहिल्या पानावर ५३.६ मोठ्या अक्षरात लिहून त्याला गोल करा.

पुढच्या सकाळी ५३.४, मग ५३.७, मग ५३.६. तीन-चारशे ग्रॅम वरखाली होणं नेहमीचं आहे. पोट साफ झालं नसेल तरी तेवढा फरक पडतो. पाचव्या सकाळी ५४.३, सहाव्या सकाळी ५५.१, सातव्या सकाळी ५५.९. आजी म्हणतात, मला काही होत नाही. चालताना धापही नाही. सुनेने पायमोजे काढले तेव्हा मात्र घोट्याच्या वर रबराचा खोल वळ उमटलेला होता. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबून सोडलं तर खळगा तसाच राहिला.

तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढ झाली तर त्याच दिवशी फोन करायचा, हा नेहमीचा नियम. आजींची वाढ चौथ्या सकाळपासून सातव्या सकाळपर्यंत २.३ किलो आहे. काही डॉक्टर याहून कडक हद्द देतात, म्हणजे एका दिवसात एक किलोच्या वर वाढ झाली तरी कळवा असं सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी जी हद्द दिली असेल ती पाळा. अजून श्वास ठीक आहे, उद्या बघू, असं मात्र करू नका. श्वास ठीक असतानाच उपाय गोळीने होतो. नंतर तोच उपाय दवाखान्यात शिरेतून करावा लागतो.

फोनवर काय सांगायचं तेही आधी लिहून घ्या. ‘आई वाटत नाहीत बऱ्या’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. सुनेने असं सांगितलं: “सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होत्या, घरी येऊन आठवडा झाला. घरचं वजन ५३.६ होतं, आज ५५.९ आहे, त्यातली सगळी वाढ तीन दिवसांतली. पायांवर सूज आहे, बसल्यावर धाप नाही, रात्री दोन उशांवर झोपतात, आधीही दोनच घ्यायच्या. बीपी ११८-७०, नाडी ६६. फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम सकाळी एक, रोज दिली आहे.”

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, नवीन काही औषध चालू केलंय का? सुनेला माहीत नव्हतं. आजींना विचारल्यावर कळलं की गुडघा दुखत होता म्हणून शेजारणीने दिलेल्या गोळ्या त्या तीन दिवस घेत होत्या. पट्टीवर डायक्लोफेनॅक लिहिलेलं निघालं. ती थांबवली. डॉक्टरांनी लघवीच्या गोळीचा डोस काही दिवसांपुरता वाढवला आणि तिसऱ्या दिवशी मूत्रपिंड व पोटॅशियमची रक्ततपासणी सांगितली. वजन ५५.२, ५४.३, ५३.८ असं उतरलं. मग डोस पुन्हा पहिल्यासारखा. डोस वाढवण्याचा आणि कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांचा. तुम्हाला स्वतः वाढवायची मुभा त्यांनी आधीच लिहून दिली असेल तरच आणि तेवढीच गोळी वाढवा.

काटा दोन ठिकाणी फसवतो. आजींचं खाणं कमी झालं असेल तर अंगावरचं मांस हळूहळू झडतं आणि तेवढंच पाणी भरत राहतं. आकडा हलत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. म्हणून रोज काट्याबरोबर घोटे, आणि त्या दिवसातला बराच वेळ अंथरुणात असतील तर कमरेचा मागचा भागही दाबून बघा. आडव्या माणसाची सूज पायात न उतरता पाठीकडे जमते. दुसरं, ज्यांना उभंच राहता येत नाही त्यांना काट्यावर चढवण्याची झटापट नको. पोटरीवर एका ठिकाणी पेनाने खूण करून त्या जागचा घेर टेपने रोज सकाळी मोजा, उशा मोजा, खाणं बघा. वजनाइतकं नेमकं ते नाही, पण काहीच न बघण्यापेक्षा पुष्कळ चांगलं.

लघवीची गोळी, बाथरूम आणि पडणं

फ्युरोसेमाइड घेतल्यावर अर्ध्या ते एक तासात लघवी सुरू होते आणि परिणाम सहा ते आठ तास राहतो. त्यामुळे ती सकाळी द्यायची. दुसरी गोळी असेल तर दुपारी, साधारण दोन-तीनच्या सुमारास. संध्याकाळी उशिरा दिली तर रात्री चार वेळा उठणं आलं, आणि वृद्ध माणूस पडतो तो बहुतेकदा याच अंधारातल्या फेऱ्यांत. बाहेर जायचं असेल त्या दिवशी गोळी टाळायची नाही, दोन-चार तास पुढे ढकलता येते का ते डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. अनेक वृद्ध बाहेर लघवी लागेल या धास्तीने गोळी गुपचूप वगळतात, आणि घरच्यांना ते वजन वाढल्यावर कळतं.

या गोळ्यांनी उभं राहताना बीपी एकदम खाली येऊ शकतं. झोपेतून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडून काठावर बसायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग आधार धरून उभं राहायचं आणि जागच्या जागी दहापर्यंत मोजून पाऊल टाकायचं. घरी बीपीचं यंत्र असेल तर एकदा बसून आणि एकदा उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ते फॉलोअपची वाट न पाहता कळवा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा, वाटेत पायपुसणं नाही, आंघोळ खुर्चीवर बसून, आणि बाथरूमची कडी आतून लावायची नाही. या शेवटच्या मुद्द्यावर आजी रुसतील. दारावर ‘आत आहे’ अशी पाटी अडकवली की बहुतेक वेळा तोडगा निघतो.

मीठ आणि पाणी

दिवसभराचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं. सपाट भरलेल्या एका छोट्या चमच्यात साधारण ५ ते ६ ग्रॅम मीठ मावतं. म्हणजे स्वयंपाकातलं, वरून घेतलेलं आणि विकतच्या पदार्थांत आधीच असलेलं मिळून एक चमचाही पुरा नाही. जेवताना वरून मीठ बंद करणं सोपं. खरं मीठ लपलेलं असतं ते पाकिटबंद आणि खारवून टिकवलेल्या पदार्थांत, तयार सूपमध्ये, सॉसमध्ये आणि बेकरीच्या मालात. पाकिटावर मीठ न लिहिता सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ.

‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळणारी पाकिटं मात्र आपल्या मनाने आणू नका. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. आजींना स्पायरोनोलॅक्टोन आणि वाल्सार्टन चालू आहे. ही दोन्ही औषधं शरीरात पोटॅशियम वाढवतात. वरून मिठातूनही पोटॅशियम गेलं तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात, आणि बऱ्याचदा आधी काही लक्षणच दिसत नाही. रक्ततपासणीची तारीख चुकवायची नाही ती याचसाठी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अळणी जेवण आजी नाकारत असतील आणि दिवसाला दोन घास खात असतील तर तेही नुकसानच आहे. वृद्धांमध्ये मांस झडलं की ताकद परत येणं कठीण होतं. अशा वेळी लिंबू, मिरे, आलं, लसूण यांनी चव आणा, थोडं थोडं पाच वेळा द्या, आणि तरीही जमत नसेल तर मिठाची हद्द किती सैल करता येईल ते डॉक्टरांना विचारा.

पाण्यावर बंधन सगळ्यांनाच नसतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच ते पाळायचं. सहसा दीड ते दोन लिटरचं असतं. समजा दीड लिटर सांगितलंय. सकाळी दीड लिटरची बाटली पाण्याने भरून ओट्यावर ठेवा. आजींनी पाणी प्यायलं की त्या बाटलीतूनच द्या. चहा, दूध, सूप असं काही प्यायलं की तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाका. बाटली रिकामी झाली की दिवसाचा कोटा संपला. दिवसभरात किती शिल्लक आहे हे आजींनाही दिसतं, त्यामुळे वाद कमी होतात. तहान लागली तर चूळ भरणं किंवा बर्फाचा छोटा तुकडा चघळणं चालतं, तोही मोजून.

जुलाब-उलट्या झाल्या तर

वजन वाढण्याची भीती सगळ्यांना सांगितलेली असते, पण ते एकदम उतरणंही तितकंच धोक्याचं आहे. पोट बिघडलं, ताप आला, खाणंपिणं थांबलं, आणि तरी लघवीची गोळी नेहमीप्रमाणे चालू राहिली, तर अंगातलं पाणी संपतं, बीपी कोसळतं आणि मूत्रपिंडाला इजा होते. आजींचं वजन ५३.६ वरून ५१.८ झालं, जीभ कोरडी पडली, लघवी गडद आणि थोडी होतेय, उभं राहिल्यावर भोवळ येतेय, तर पुढची गोळी देण्यापूर्वी फोन करा. डॉक्टर लघवीची गोळी, बीपीच्या काही गोळ्या आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही एक-दोन दिवस थांबवायला सांगू शकतात. ही शेवटची दोन औषधं उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढवू शकतात, विशेषतः मधुमेह असलेल्यांमध्ये. आजारपणात कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे डिस्चार्जच्या वेळीच लिहून घेतलं तर अपरात्रीची धांदल वाचते.

वयस्कर माणसात लक्षणं वेगळ्या रूपात येतात

पुस्तकातली लक्षणं म्हणजे धाप आणि सूज. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसात पाणी साठण्याची पहिली खूण बऱ्याचदा वेगळीच असते. जेवण नको म्हणणं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटणं, दिवसभर गळून पडून राहणं, रात्री आडवं झाल्यावर कोरडा खोकला, एका उशीवर झोपणाऱ्या माणसाने तीन उशा मागणं किंवा खुर्चीत बसून झोपणं. यातलं काहीही नव्याने दिसलं तर ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका. काट्याचा आकडा बघा आणि कळवा.

अचानक गोंधळणं हे वेगळं लक्षण आहे. सकाळपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी संध्याकाळी घर ओळखत नाहीत, भलतंच बोलतात किंवा एकदम सुस्त होतात, तर तो म्हातारचळ समजू नका. एका दिवसात आलेला गोंधळ म्हणजे शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं: जंतुसंसर्ग, क्षार कमी-जास्त होणं, लघवी तुंबणं किंवा एखाद्या औषधाचा परिणाम. त्याच दिवशी तपासणी हवी. चष्मा आणि कानातलं यंत्र डोळ्या-कानावर आहे ना हेही बघा, पण तेवढ्यावर थांबू नका.

खालीलपैकी काहीही झालं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. तोवर आजींना पाठीला आधार देऊन बसतं ठेवा, आडवं करू नका. शुद्ध गेली असेल तर मात्र श्वास चालू आहे ना ते बघून कुशीवर आडवं करा, आणि श्वास चालू नसेल तर फोनवरचा माणूस सांगेल तसं लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

- बसल्या जागी धाप, वाक्य पुरं करता येत नाही, ओठ निळसर
- खोकल्यातून फेसाळ, गुलाबी थुंकी
- काही मिनिटांत न थांबणारं छातीत दुखणं
- शुद्ध हरपणं
- तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं
- ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजणं

नाडी ५० च्या खाली राहत असेल आणि गळल्यासारखं वाटत असेल, तर तेही त्याच दिवशी कळवायचं.

हालचाल किती

दवाखान्यातल्या अंथरुणाने पाय कमजोर झालेले असतात, म्हणून ‘पडून राहा’ हा सल्ला देऊ नका. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात दर दोन तासांनी पाच मिनिटं चालणं, कोणीतरी बाजूला. चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर आहे, वाक्य तुटलं तर थांबून बसायचं. जेवल्याबरोबर चालवू नका. पोट साफ होत नसेल तर आजी कुंथत बसतील आणि तिथेच भोवळ येईल, तेव्हा बद्धकोष्ठतेवर औषध आधीच मागून घ्या.

फॉलोअपला जाताना

वजनाची वही, गोळ्यांचा कागद, चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या, ‘बंद’ची पिशवी आणि रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत घ्या. बीपी आणि नाडी लिहिली असेल तर तीही. डॉक्टरांना विचारा: घरच्या काट्यावर किती वजन धरून चालायचं, हद्द बदलायची का, गोळ्यांचे डोस अजून वाढणार आहेत का, पुढची रक्ततपासणी कधी. हार्ट फेल्युअरची बहुतेक औषधं कमी डोसवर सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवतात. आजींना बरं वाटत असताना डोस वाढवला तर घाबरू नका, पण प्रत्येक वाढीनंतर आठवडाभर बीपी आणि भोवळ यांकडे जास्त लक्ष ठेवा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दलही त्याच वेळी विचारा, कारण छातीचा संसर्ग हे पुन्हा ॲडमिट होण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

वजन, गोळ्या आणि फोन ही कामं घरात दोघांना यायला हवीत. सून एक दिवस गावाला गेली आणि वही कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही, असं होऊ नये म्हणून वही काट्याशेजारी दोरीने बांधून ठेवा, आणि डॉक्टरांचा व रात्रीचा नंबर तिच्या मलपृष्ठावर लिहा.